तीन पद्धती, एक तक्ता: ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीच्या उदाहरणासह

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचा अहवाल लिहायची वेळ आली, की बहुतेक विद्यार्थी एक तक्ता काढतात. डाव्या बाजूला पायऱ्या आणि वर तीन रकाने: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन. मग तिन्ही रकान्यांत तेच शब्द उतरतात: अभ्यास, निदान, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. फरक एवढाच, की पहिल्या रकान्यात ‘व्यक्तीचा अभ्यास’ असतो, दुसऱ्यात ‘गटाचा’ आणि तिसऱ्यात ‘समुदायाचा’. परीक्षेत यावर गुणही मिळतात. पण हाच तक्ता घेऊन वस्तीवर गेलात, तर आधी कोणाच्या घरी जायचे, काय विचारायचे आणि पुढच्या पायरीवर कधी जायचे, यातले काहीच त्यातून कळत नाही.

तक्ता कामाचा व्हायचा असेल, तर त्यात तीन बदल करा. पायरीचे नुसते नाव लिहू नका, त्या पायरीवर काय करायचे ते लिहा. प्रत्येक पायरीपुढे ‘ही झाली हे कशावरून ओळखायचे’ असा रकाना ठेवा. आणि तिन्ही पद्धतींना तीन वेगळी उदाहरणे जोडू नका. एकच प्रश्न घेऊन तो तिन्ही पद्धतींतून न्या. तसे केले तरच कोणती पद्धत कुठवर पोचते आणि कुठे थांबते हे दिसते.

तक्त्याआधी तीन प्रश्न

रकाने भरण्याआधी प्रत्येक पद्धतीला तीन प्रश्न विचारा. काम कोणाबरोबर आहे? बदल कशातून घडतो? काम संपल्यावर मागे काय उरते?

व्यक्तिसहाय्य कार्यात काम एका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर असते आणि बदलाचे साधन असते ती व्यक्ती आणि कार्यकर्ता यांच्यातले नाते. मेरी रिचमंड यांनी 1917 साली ‘सोशल डायग्नोसिस’ या पुस्तकात माहिती गोळा करण्याची आणि तिच्यावरून निष्कर्ष काढण्याची रीत बांधून दिली. पुढे 1957 साली हेलन पर्लमन यांनी व्यक्ती, तिचा प्रश्न, मदत मिळते ती जागा आणि मदतीची प्रक्रिया असे चार घटक मांडले. त्याच वर्षी फेलिक्स बिस्टेक यांनी या नात्याची सात तत्त्वे सांगितली. त्यातली स्वयंनिर्णय आणि गोपनीयता ही दोन तत्त्वे पुढच्या उदाहरणात वारंवार कामाला येतील. काम संपल्यावर मागे उरते ते त्या व्यक्तीचे स्वतःचा प्रश्न हाताळण्याचे बळ.

गटकार्यात बदल घडतो तो सदस्यांच्या आपसातल्या नात्यातून. इथे कार्यकर्त्याचे सदस्यांशी असलेले नाते दुय्यम असते. दहा मुलींना समोर बसवून कार्यकर्ता तासभर बोलला, तर ते व्याख्यान झाले. एका मुलीने सांगितलेल्या अडचणीवर दुसरीने उपाय सुचवला, तर गटकार्य सुरू झाले. मागे उरतो तो मुलींचा एकमेकींना असलेला आधार.

समुदाय संघटनात बदल लोकांच्या सामूहिक निर्णयातून घडतो. मरे रॉस यांनी 1955 साली केलेल्या मांडणीनुसार समुदाय आपल्या गरजा ओळखतो, त्यांचा क्रम लावतो, साधने शोधतो आणि कृती करतो. हे करताना त्याची एकत्र काम करण्याची सवय वाढते. म्हणून इथे मागे दोन गोष्टी उरायला हव्यात: झालेले काम आणि ते करणारे संघटन. यातली एकच उरली, तर काम अर्धे झाले.

तक्ता

| पायरी | व्यक्तिसहाय्य कार्य | गटकार्य | समुदाय संघटन | झाली हे कशावरून |
|---|---|---|---|---|
| 1. ओळख | घरी भेटा, येण्याचा हेतू आणि गोपनीयतेची मर्यादा सांगा | प्रत्येकीशी आधी एकेकटे बोला | वस्तीच्या सगळ्या भागांत फिरा, फक्त पुढाऱ्यांना भेटू नका | तुम्ही का येता हे लोक स्वतःच्या शब्दांत सांगतात |
| 2. माहिती | घरातली माणसे, दिनक्रम, आधार, आधी करून पाहिलेले उपाय विचारा | सदस्यांत काय सारखे, काय वेगळे, कोणाचे कोणाशी जमते ते पाहा | नकाशा, घरयादी, वर्षाचे वेळापत्रक करा. निर्णय कोण घेते ते शोधा | एकच माहिती किमान दोन ठिकाणांहून जुळते |
| 3. मांडणी | प्रश्न टिकवणारी कारणे एका परिच्छेदात लिहा | गटाचा हेतू एका वाक्यात लिहा | लोकांकडून प्रश्नांचा क्रम लावून घ्या, एक निवडू द्या | वाचून दाखवल्यावर लोक मान्य करतात किंवा दुरुस्त करतात |
| 4. ठरवणे | कोण काय कधी करणार याचा करार करा | बैठकांची संख्या, वार, जागा, नियम ठरवा | समिती, जबाबदाऱ्या, मागणी कोणाकडे आणि कधीपर्यंत हे ठरवा | प्रत्येक कामापुढे नाव व तारीख आहे, सगळी नावे तुमची नाहीत |
| 5. कृती | धीर द्या, घरात संवाद घडवा, सेवांशी जोडा | उपक्रम माध्यम म्हणून वापरा, मतभेद हाताळा | बैठका, ठराव, वाटाघाटी, पाठपुरावा | तुमचा वाटा दर वेळी कमी होतो |
| 6. मूल्यमापन | ठरलेला बदल घडला का ते तपासा | सदस्य आणि गट कुठून कुठे आले ते पाहा | काम झाले का आणि संघटन टिकले का ते पाहा | सुरुवातीच्या नोंदीशी तुलना करता येते |
| 7. समाप्ती | भेटी विरळ करा, पुढचा आधार नक्की करा | शेवटची बैठक आधीच जाहीर करा | कागद व संपर्क समितीकडे सोपवा | तुमच्याशिवाय एक तरी काम पार पडले आहे |

या पायऱ्या एकदा चढून मागे टाकायच्या नाहीत. कृती चालू असताना नवी माहिती मिळते आणि मांडणी बदलावी लागते. तसे झाले तर तक्त्यात खाडाखोड न करता खाली तारीख टाकून नवी मांडणी लिहा. काम कुठे वळले हे त्या दोन नोंदींवरून कळते आणि पर्यवेक्षकाशी चर्चा करताना हाच भाग सर्वांत उपयोगी पडतो.

उदाहरणाची पार्श्वभूमी

पुढचे उदाहरण रचलेले आहे. त्यातले कुटुंब किंवा वस्ती विशिष्ट नाही, पण परिस्थिती बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या अनेक वस्त्यांवर ओळखीची आहे. पावसाळा संपला, की इथली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो आणि ती तोडीतून फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. आईबापांबरोबर मुलेही जातात, फडाजवळच्या कोपीवर राहतात आणि त्यांची शाळा मधेच सुटते.

आठवीतली एक मुलगी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही, ती थेट एप्रिलमध्ये दिसली. घरी आई, वडील, तीन वर्षांचा भाऊ आणि आजी. शाळेतल्या बाईंनी तिचे नाव क्षेत्रकार्यासाठी आलेल्या विद्यार्थिनीला दिले. महिना जुलै.

एका घरापासून सुरुवात: व्यक्तिसहाय्य कार्य

पहिल्या भेटीनंतर विद्यार्थी बहुधा अशी नोंद करतात: ‘आई शिक्षणाबाबत उदासीन आहे. कुटुंबात जागृतीचा अभाव आहे.’ ही माहिती नाही, मत आहे. ते लिहिले की पुढची सगळी दिशा चुकते, कारण उदासीनतेवर उपाय म्हणून शिक्षणाचे महत्त्व पटवण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. त्याऐवजी प्रक्रिया नोंदीत बोलणे जसेच्या तसे उतरवा. आईचे वाक्य असे असते: “ताई, साळा नको आसं कोण म्हनतंय? पन पोरीला कुनाच्या भरवशावर ठिवू? म्हातारीला दिवस मावळला की दिसत न्हाई.”

या एका वाक्यात विचारायच्या पुढच्या तीन गोष्टी आहेत. आजीला किती दिसते, तिला कधी दाखवले का? मुलगी मागे राहिली तर रात्रीचे काय? आणि मुलगी फडावर गेली तर तिथे तिचे काम काय असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलीकडून वेगळे घ्यावे लागते. ती सांगते, की आई पहाटे फडात जाते, मग भाऊ, पाणी आणि भाकरी तिच्याकडे असते. आता माहिती दोन ठिकाणांहून जुळली. शाळेच्या हजेरीपटावरून गेल्या वर्षी ती नेमकी किती दिवस गैरहजर होती तेही लिहून घ्या. मूल्यमापनाच्या वेळी तुलना याच आकड्याशी करायची आहे.

मांडणी एका परिच्छेदात अशी होईल: मुलीला शाळा हवी आहे आणि आईवडिलांचा विरोध नाही. तरी ती जाते, कारण वयात येणाऱ्या मुलीला रात्री सुरक्षित जागा नाही, आजीला दिसत नसल्याने ती आधार होऊ शकत नाही आणि धाकट्याला सांभाळायला कोपीवर माणूस लागते. हा परिच्छेद आईला वाचून दाखवायचा. इथे ती एक दुरुस्ती करते: “आनि लोक काय म्हनतील ते ऱ्हायलं की.” ते चौथे कारण. ते मांडणीत घ्यायलाच हवे, कारण आजीचे डोळे बरे झाले तरी ते कारण उरणार आहे.

मग करार. आजीला मोतीबिंदू असेल, तर त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, म्हणून आजीला तपासायला नेण्याचे काम वडिलांकडे. रुग्णालयात कोणाला भेटायचे आणि कोणते कागद न्यायचे ही माहिती काढण्याचे काम विद्यार्थिनीकडे. रात्री झोपायला आजी आणि मुलीने चुलतीच्या घरी जायचे का, हे आई चुलतीशी बोलून ठरवणार. धाकट्याला मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे हा निर्णय आईवडिलांचा. तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत बसते, ही माहिती द्यायची आणि थांबायचे. आईने त्याला बरोबर नेण्याचे ठरवले आणि टोळीतल्या एका वयस्क बाईच्या हाती दिवसा सोपवायचे म्हटले, तर तो तिचा स्वयंनिर्णय. त्याला धरूनच पुढची आखणी करायची.

या टप्प्यावर एक चूक वारंवार होते. ‘मुलगी गावात राहिली’ हेच यश मानले जाते. पण मुलगी गावात राहून दिवसभर आजीचे आणि घराचे करत बसली, तर शाळा तशीच सुटते, फक्त नजरेआड सुटते. म्हणून करारात ध्येय लिहिताना ‘गावात राहणे’ लिहू नका, ‘दर महिन्याची शाळेतली हजेरी’ लिहा. मोजता येईल असे ध्येय सुरुवातीलाच लिहिले, की मूल्यमापनाला वेगळी खटपट करावी लागत नाही.

या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. आजीचे डोळे, चुलतीचे घर, घरातला संवाद हे सगळे एका कुटुंबाच्या आवाक्यातले आहे. पण ‘लोक काय म्हणतील’ हे एका घरात सुटत नाही. आणि रात्रीची सोय प्रत्येक घराने आपापली करायची ठरवली, तर ज्या घरात चुलती नाही ते घर अडते.

तीच अडचण असलेल्या मुली: गटकार्य

शाळेतून सातवी ते नववीच्या अशा मुलींची नावे मिळतात, ज्यांच्या घरचे हंगामाला जातात. आठ ते बारा मुली पुरेत. त्याहून जास्त झाल्या, की दोन-तीनच बोलतात आणि बाकीच्या ऐकतात. गट करण्याआधी प्रत्येकीशी एकेकटे बोलायचे. ही पायरी घाईत गाळली जाते आणि पहिल्याच बैठकीत घोटाळा होतो: कोणी भावकीच्या भांडणामुळे दुसरीशेजारी बसत नाही, कोणाला आपण इथे का आलो हेच माहीत नसते.

गटाचा हेतू एका वाक्यात लिहा: ‘घरचे फडावर असताना आम्ही शाळेत कशा टिकू, हे एकमेकींच्या मदतीने ठरवणे.’ ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असा हेतू लिहिला, तर कुठलाही उपक्रम त्यात बसतो आणि गट कुठेच पोचत नाही. आठ बैठका, दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, शाळेच्याच वर्गात. शेवटची बैठक कोणती हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे.

पहिल्या बैठकीत नियम ठरतात आणि गोपनीयतेचा नियम सांगतानाच तिची मर्यादाही सांगायची: इथले बोलणे बाहेर जाणार नाही, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणाचे लग्न अठराच्या आत ठरत असेल, तर मला ते सांगावेच लागेल. हे आधी सांगितले नाही आणि पुढे एखादीने लग्नाची बोलणी चालल्याचे सांगितले, तर विद्यार्थिनी दोन्हीकडून कोंडीत सापडते. गप्प राहिली तर मुलीचे नुकसान, बोलली तर गटाचा विश्वास जातो.

ब्रूस टकमन यांनी 1965 साली गटाच्या वाढीचे चार टप्पे सांगितले: जुळणे, खटके उडणे, रीत बसणे आणि काम करणे. 1977 साली त्यात गट संपण्याचा पाचवा टप्पा आला. विद्यार्थ्यांना अडखळवतो तो दुसरा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत वस्तीवरच्या आणि गावातल्या मुलींत तोंडातोंडी होते, एक मुलगी सगळ्यांवर हुकूम सोडते, दोघी येणे बंद करतात. यावर मजेदार खेळ घेऊन वातावरण सैल करण्याकडे कल असतो. त्याने भांडण तेवढ्यापुरते झाकले जाते. त्याऐवजी झाले ते गटापुढे ठेवा आणि नियम पुन्हा मुलींकडूनच ठरवून घ्या. हुकूम सोडणाऱ्या मुलीकडे काही ठरावीक जबाबदारी द्या, म्हणजे तिचा पुढाकार कामी येतो आणि इतरांनाही जागा मिळते.

उपक्रम हेतूला धरून निवडायचा. इथे दिवसाचे घड्याळ उपयोगी पडते. प्रत्येक मुलगी कागदावर वर्तुळ काढते आणि हंगामातला आपला दिवस त्यात भरते: पाणी, स्वयंपाक, गुरे, अभ्यास, झोप. घड्याळे शेजारी शेजारी ठेवली, की मुलींनाच दिसते, संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास सगळ्यांचे सारखेच गेलेले आहेत. मग कोणीतरी सुचवते, की दोन घरांचे पाणी आळीपाळीने भरू, अभ्यासाला एका घरी बसू. पुढच्या बैठकीत वडिलांशी कसे बोलायचे याची नाट्यरूपाने तालीम घ्यायची. मुली वडिलांचे काम स्वतःच करतात आणि घरात नेमके काय ऐकून घ्यावे लागते ते आपसूक समोर येते.

समजा पाचव्या बैठकीनंतर एक मुलगी मागे थांबून सांगते, की दिवाळीआधी तिचे लग्न उरकायचे घाटते आहे. हा विषय गटात चर्चेला घ्यायचा नाही. त्या मुलीसाठी स्वतंत्र व्यक्तिसहाय्य कार्य सुरू होते आणि पर्यवेक्षकाला त्याच दिवशी कळवायचे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 पूर्ण हवे. ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर कोणालाही कळवता येते. कुटुंबाशी बोलणे आणि कायद्याने कळवणे या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. पहिली जमली म्हणून दुसरी टाळायची नाही.

वस्तीचा प्रश्न: समुदाय संघटन

मुलींच्या घड्याळांतून दिसले, की संध्याकाळचे जेवण आणि रात्रीची सोय हा प्रत्येकीचा प्रश्न आहे. इथे घराघरात काम पुरत नाही. राज्यात स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे आणि त्यात शाळा व्यवस्थापन समितीची भूमिका कळीची असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे मागणी करणारे आणि ठराव करणारे लोक वस्तीतच आहेत. त्यांना एकत्र आणणे एवढेच कार्यकर्त्याचे काम आहे.

माहितीच्या पायरीवर दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली घरयादी: कोणते घर जाणार, कोणती मुले मागे राहू शकतात, कोणती जाणार. ही यादी वस्तीतल्या दोघा-तिघांनी फिरून करायची, विद्यार्थिनीने नव्हे. दुसरे वर्षाचे वेळापत्रक: उचल कधी घेतली जाते, टोळी कधी निघते, ग्रामसभा कधी असते. वेळापत्रक मांडले, की एक गोष्ट उघड होते. कुटुंबाने उचल घेतली, की कोण कोण जाणार हे बरेचसे ठरून जाते. दिवाळीत घेतलेली बैठक म्हणून उशिराची. काम जुलै-ऑगस्टमध्येच सुरू व्हायला हवे, म्हणजे 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडता येतो आणि 2 ऑक्टोबरच्या सभेत पाठपुरावा करता येतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. वस्तीतल्या बायकांना बोलायला ती जागा जास्त मोकळी.

लोक प्रश्नांचा क्रम लावतात तेव्हा तुमचा प्रश्न पहिला येईलच असे नाही. ते पाण्याचे किंवा रस्त्याचे नाव आधी घेतील. त्या वेळी ‘मुलींचे शिक्षण’ पहिल्या क्रमांकावर ढकलू नका. आधी पाण्याचा एखादा लहान पाठपुरावा लोकांबरोबर करा. त्यातून समितीची घडी बसते आणि मग वसतिगृहाचा विषय तेच लोक हाती घेतात. लोकांनी न निवडलेल्या प्रश्नावर झालेली सभा दुसऱ्यांदा भरत नाही.

ठरवण्याच्या पायरीवर समितीत वस्तीच्या प्रत्येक भागातले माणूस, अंगणवाडी सेविका आणि हंगामात मागे राहणाऱ्या दोन आज्या हव्यात. रोजची व्यवस्था त्याच पाहणार आहेत. कामे वाटून घ्यायची: यादी कोण जुळवणार, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव कोण मांडणार, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव घेऊन कोण जाणार. जी मुले टोळीबरोबर जाणारच, त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. हे काम मागे राहिले, तर संघटन फक्त गावात राहणाऱ्यांचे होऊन बसते.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्ज विद्यार्थिनीने लिहिणे. तिचे अक्षर चांगले, भाषा नेटकी, वेळही कमी लागतो. पण पुढच्या वर्षी ती नसते आणि अर्ज कसा लिहायचा हे कोणालाच येत नसते. अर्ज समितीतल्या माणसाने लिहावा, चुका असल्या तरी चालतील. पोच घेऊन ती समितीच्या फायलीत लावावी. दुसरी चूक म्हणजे मुकादमाला शत्रू ठरवणे. तो बहुधा याच परिसरातला असतो आणि कोणाची मुले बरोबर नेऊ नयेत हे सांगण्याचे वजन त्याच्याकडे असते. उचलीचे मोठे प्रश्न, मजुरीचा दर, नुकसान भरपाई हे या वस्तीच्या एका समितीने सुटणारे नाहीत. ते संघटनांच्या आणि शासनाच्या पातळीवरचे आहेत आणि अहवालात तसे लिहायला हवे.

उदाहरणाचा भरलेला तक्ता

| पायरी | घर | मुलींचा गट | वस्ती |
|---|---|---|---|
| ओळख | जुलै, शाळेच्या सांगण्यावरून गृहभेट | प्रत्येकीशी एकेकटे बोलणे | वस्तीच्या सर्व भागांत फिरणे |
| माहिती | आजीची दृष्टी, रात्रीची सोय, फडावरचे काम, गेल्या वर्षीची हजेरी | दिवसाचे घड्याळ | घरयादी, उचल ते टोळी निघेपर्यंतचे वेळापत्रक |
| मांडणी | चार कारणे, आईने दुरुस्त केलेली | शाळेत टिकण्यासाठी एकमेकींना मदत | संध्याकाळचे जेवण आणि रात्रीची सोय |
| ठरवणे | वडील, आई, विद्यार्थिनी यांची वाटलेली कामे | आठ शनिवार, गोपनीयतेचा नियम मर्यादेसह | समिती, ऑगस्ट व ऑक्टोबरच्या सभांचे नियोजन |
| कृती | रुग्णालय, चुलतीशी बोलणे | आळीपाळीने कामे, बोलण्याची तालीम | ठराव, प्रस्ताव, शिक्षण हमी कार्ड |
| मूल्यमापन | नोव्हेंबर ते मार्चची हजेरी, गेल्या वर्षीशी तुलना | किती मुली टिकल्या, मदत चालू आहे का | सोय झाली का, समिती भरते का |
| समाप्ती | बाई आणि चुलती पुढे लक्ष ठेवणार | एकत्र अभ्यास मुलीच चालवतात | फाईल समितीकडे |

या तक्त्यात उभे वाचले तर एकेक पद्धत दिसते, आडवे वाचले तर तिन्ही कुठे जोडल्या जातात ते दिसते. माहितीची ओळ आडवी वाचा: आईच्या एका वाक्यातून मुलींच्या घड्याळाकडे आणि घड्याळातून वस्तीच्या वेळापत्रकाकडे गेलेला रस्ता तिथे आहे. उलटाही रस्ता असतो. वसतिगृहाची सोय झाली तरी एखादी मुलगी येत नसेल, तर पुन्हा तिच्या घरी जावे लागते.

स्वतःचा तक्ता तपासताना

तक्ता पूर्ण झाल्यावर तीन रकान्यांची शीर्षके झाका आणि कोणत्याही रकान्यातला मजकूर मित्राला वाचून दाखवा. हा कोणत्या पद्धतीचा रकाना, हे त्याला ओळखता आले नाही, तर तुम्ही शब्द बदलून तोच मजकूर तीनदा लिहिला आहे. दुसरी तपासणी क्रियापदांची. ‘जागृती करणे’, ‘सक्षमीकरण करणे’, ‘समुपदेशन करणे’ असे शब्द आले, तर त्यांच्या जागी कोण, कोणाशी, कशाबद्दल बोलले ते लिहा. तिसरी तपासणी नावांची. कृतीच्या ओळीत प्रत्येक कामापुढे कोणी केले ते पेन्सिलीने लिहा. निम्म्याहून जास्त जागी ‘मी’ आले, तर कामाची वाटणी बदलायची वेळ झाली आहे आणि ती पुढच्याच भेटीत, घरच्यांशी, मुलींशी आणि समितीशी बोलून बदलायची आहे.